दोन सेट पुढे, तरी पैसे गेले

7 जुलै 2025, विम्बल्डन, सेंटर कोर्ट. ग्रिगोर दिमित्रोवने पहिल्या क्रमांकाच्या यानिक सिनरला 6-3, 7-5 असं मागे टाकलेलं. तिसऱ्या सेटमध्ये त्याने बिनतोड सर्व्हिस मारून 2-2 केलं आणि तिथेच छाती धरून तो खाली बसला. छातीचा स्नायू दुखावला होता, उजवा हात कामातून गेला. सामना सोडावा लागला. जो एकही सेट जिंकला नव्हता, तो सिनर पुढच्या फेरीत गेला.

त्या रात्री लंडनहून भाच्याचा फोन आला. तिकडे परवाना असलेल्या दुकानात पैज लावणं कायदेशीर आहे. (आपल्याकडे संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला.) त्याने दिमित्रोववर दहा पौंड लावले होते. "मामा, माझे दहा बुडाले. माझ्या मित्राने दुसऱ्या दुकानात दिमित्रोववरच दहा लावले होते, त्याला परत मिळाले. सामना एकच ना?"

सामना एकच होता, नियम वेगळे होते. टेनिसपटू मध्येच थांबला तर सामना कोणी जिंकला, हे स्पर्धेच्या लेखी स्पष्ट असतं: समोरचा जिंकला. पैशांच्या हिशेबात मात्र 'सामना विजेता' या एकाच नावाखाली तीन वेगळे नियम चालतात. काही ठिकाणी पहिला चेंडू पडला की पैज पक्की, मग पुढे जाणारा तो विजेता. काही ठिकाणी किमान एक सेट पूर्ण व्हायला हवा, त्याआधी थांबलं तर सगळ्यांचे पैसे परत. आणि काही ठिकाणी सामना शेवटच्या गुणापर्यंत खेळला गेला तरच पैज धरतात, एरवी रद्द. भाच्याचं दुकान पहिल्या दोहोंपैकी एका नियमाचं, मित्राचं तिसऱ्याचं.

एका सेटच्या नियमाची धार किती बारीक असते ते 2025 च्याच ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये दिसलं. उपांत्य सामन्यात जोकोविच पहिला सेट टायब्रेकमध्ये हरला आणि लगेच नेटपाशी जाऊन त्याने झ्वेरेवशी हात मिळवला. सेट पूर्ण झाला होता, म्हणून झ्वेरेववरची पैज फळली. हाच निर्णय त्याने टायब्रेकच्या मध्यावर घेतला असता तर त्या नियमाखाली सगळ्यांचे नुसते पैसे परत गेले असते. 2020 च्या यूएस ओपनमध्ये त्याने रागात मारलेला चेंडू लाइन अंपायर बाईंच्या गळ्याला लागला आणि त्याला बाद केलं, तेव्हा पहिला सेट 5-6 होता. एका सेटचा नियम बाद केलेल्यालाही लावतात. तेव्हा तिथे पैसे परत गेले, आणि एका चेंडूच्या नियमाखाली समोरच्या कारेन्यो बुस्टावर लावणारे जिंकले.

आता भाच्याच्या बाकीच्या स्लिपा. त्याच संध्याकाळी त्याने आणखी तीन लावल्या होत्या आणि खरं शिकण्यासारखं त्यांत होतं.

पहिली, 'पहिला सेट दिमित्रोव'. पैसे मिळाले, आणि ते कुठल्याही दुकानात मिळाले असते. सेट पूर्ण झाला की त्याचा हिशेब तिथेच मिटतो, पुढे कोण जायबंदी झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसरी, 'तिसरा सेट दिमित्रोव'. तो 2-2 वर अर्धा राहिला, पैसे परत.

तिसरी होती 'एकूण गेम 27.5 पेक्षा जास्त'. ही त्याला हरलेली वाटत होती, कारण त्याने मोजलं: पहिल्या सेटचे नऊ, दुसऱ्याचे बारा, तिसऱ्याचे चार. पंचवीस झाले, अठ्ठावीस नाहीत. तरीही दुकानाने पैसे दिले, आणि बरोबर दिले. 2-2 वरून तो सेट कितीही लवकर संपला असता तरी 6-2 ला संपला असता, म्हणजे आठ गेम. एकवीस आणि आठ, एकोणतीस. सिनरने तो सेट घेतला असता तर सामना आणखी लांबला असता. म्हणजे सामना नीट पूर्ण झाला असता तर एकोणतीसपेक्षा कमी गेममध्ये तो संपणं शक्यच नव्हतं. कसाही संपला असता तरी निकाल हाच लागला असता, अशा पैजा बरीच दुकानं जिंकलेल्या धरतात. त्याच नियमाने '28.5 पेक्षा कमी' लावणारा हरला. आकडा 29.5 असता तर मात्र दोन्ही वाटा उघड्या होत्या, म्हणून दोघांचेही पैसे परत.

दिमित्रोवकडे तोवर पंधरा गेम होते, सिनरकडे दहा. पण सिनरला पुढचे तीन सेट घेऊन ही तफावत उलटवता आली असती, म्हणून गेमच्या फरकावरच्या नेहमीच्या पैजा रद्द होतात. नेमक्या सेट-निकालावर पुन्हा दुकानागणिक फरक. 'सिनर 3-0' ही शक्यता पहिला सेट गेल्याक्षणी मेली होती. काही ठिकाणी ती हरलेली धरतात, काही ठिकाणी सामना अपुरा म्हणून अख्खा प्रकारच रद्द करतात. म्हणून हा प्रश्न आधी विचारून ठेवावा.

वॉकओव्हरचं सोपं असतं, पण तिथेही एक खाच आहे. 2022 च्या विम्बल्डनला नदालने पोटाचा स्नायू फाटल्यामुळे उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी माघार घेतली. चेंडूच पडला नाही, त्यामुळे नदाल-किरियॉस सामन्यावरच्या सगळ्या पैजा रद्द, सेटच्या आणि गेमच्याही. पण 'किरियॉस अंतिम फेरी गाठेल' ही पैज त्या सामन्यावर नव्हती, स्पर्धेवर होती. ती जिंकली. आणि 'नदाल विजेतेपद मिळवेल' ही बुडाली, परत काही नाही.

नियम तीन आहेत याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ते लपतात याबद्दल. दोन दुकानांत दिमित्रोवचा भाव सारखा दिसला म्हणून माल सारखा नसतो. विम्बल्डन धरून लागोपाठ पाचवी ग्रँड स्लॅम तो मध्येच सोडत होता. अशा खेळाडूवर 'पूर्ण झाला तरच' हा नियम म्हणजे त्याच्या दुखापतीपासून मिळालेलं संरक्षण, आणि 'एक चेंडू'चा नियम म्हणजे ती जोखीम तुमच्या डोक्यावर. मग भाव एकच कसा चालेल? भाव मोठ्या अक्षरात आणि नियम सतराव्या पानावर, हे चुकीचं आहे. भावाशेजारी दोन शब्द छापा: एक चेंडू, एक सेट किंवा पूर्ण सामना. स्लिपेवर तेवढी जागा असते.

दोन दुकानांतल्या भावांतला फरक पकडून 'खात्रीचा नफा' काढणारे इथेच फसतात. समजा एका सेटच्या दुकानात दिमित्रोववर आणि पूर्ण सामन्याच्या दुकानात सिनरवर भावाच्या प्रमाणात पैसे लावले. कोणीही जिंको, आपण सुखरूप, असा हिशेब. त्या सोमवारी पहिले पैसे बुडाले आणि दुसरे नुसते परत आले.

भाच्याला मी एवढंच सांगितलं की काउंटरवर जाऊन सामना अर्धवट राहिला तर काय, एवढं विचारून ये. तो गेला. पलीकडच्या मुलीला पाठ नव्हतं, तिने स्क्रीन फिरवली आणि दोघांनी मिळून शोधलं. सापडायला अकरा मिनिटं लागली.