दवाखाना बंद राहील, तातडी तुमची तुम्ही बघा

आमच्या गल्लीतल्या दवाखान्याच्या काचेच्या दारावर दर दिवाळीत एक कागद लागतो. "दिवाळीनिमित्त दवाखाना दि. १८ ते २३ बंद राहील. तातडीच्या रुग्णांनी जवळच्या रुग्णालयात जावे. शुभ दीपावली." खाली डॉक्टरांची सही आणि बाजूला छापील पणती.

कागद काचेच्या आतून चिकटवलेला असतो. दवाखाना बंद झाला की काचेपुढे शटर पडते. म्हणजे दवाखाना चालू असेपर्यंत सूचना दिसते आणि बंद झाला की ती झाकली जाते.

डॉक्टरांनी सुट्टी घेऊ नये असे कोण म्हणतो? वर्षभर आमचे खोकले ऐकणाऱ्या माणसाने सहा दिवस समुद्राचा आवाज ऐकला तर बिघडत नाही. भाऊबीजेच्या रात्री सव्वादहाला बेल वाजवून "दीड महिन्यापासून खाज येतेय" असे सांगणारे महाभागही याच गल्लीत राहतात. भांडण सुट्टीशी नाही, कागदाशी आहे.

आधी तारखा घ्या. "१८ ते २३ बंद" म्हणजे २३ ला उघडा की बंद? डॉक्टरांच्या मते बंद. शेजारच्या आजोबांच्या मते "२३ पर्यंत" म्हणजे २३ ला उघडणार. आजोबा २३ ला जिना उतरून गेले आणि जिना चढून परत आले. "शुक्रवार, २४ तारखेला सकाळी १० वाजता उघडेल" एवढे लिहिले असते, तर गुडघ्यांच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

आता "तातडीच्या रुग्णांनी". तातडी कोण ठरवणार? रुग्णच. म्हणजे ज्या कामासाठी डॉक्टर साडेपाच वर्षे शिकले, तेवढे काम कागदाने रुग्णावर सोपवले.

आणि "जवळच्या रुग्णालयात". हा शब्द सर्वांत निरागस, म्हणून सर्वांत घातक. एखाद्याचे तोंड अचानक वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर त्याला जवळचे नव्हे, सीटी स्कॅन असलेले रुग्णालय लागते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि मेंदूत रक्तस्राव नाही हे स्कॅनवर पाहिल्याशिवाय ते देता येत नाही. जवळच्या प्रसूतिगृहात अर्धा तास बसून पुढे पाठवलेला माणूस अर्ध्या तासाने दुबळा झालेला असतो.

अंतराने जवळ, उपचाराने लांब.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट एवढी नाट्यमय नाही. कुत्र्याची आहे. २०२५ ची दिवाळी. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा नऊ वर्षांचा मुलगा गुरुवारी, १६ ऑक्टोबरला, आकाशकंदिलाचे सामान घेऊन येत होता. गल्लीतल्या कुत्र्याने पोटरीला दात लावले. वहिनी शहाण्या. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही न लावता नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली आणि तडक दवाखाना गाठला. डॉक्टर होते. जखम पाहिली, मेडिकलमधून लस आणवली, दंडात सुई दिली. कार्डावर पुढच्या तारखा लिहिल्या.

इथपर्यंत सगळे उत्तम. म्हणूनच पुढचे जास्त लागते.

रेबीजच्या लशीचे वेळापत्रक असते ०, ३, ७, १४ आणि २८ दिवस. पहिली सुई घेतली तो दिवस शून्य. आपल्याकडे तेराव्याला आणि बाराव्याला पहिला दिवस धरून मोजायची सवय, त्यामुळे "तिसऱ्या दिवशी या" म्हटले की माणूस हमखास एक दिवस आधी उगवतो. इथे शून्य गुरुवार, तर तिसरा दिवस रविवार १९ आणि सातवा दिवस गुरुवार २३.

दवाखाना बंद १८ ते २३.

म्हणजे ज्या हाताने १६ तारखेला कार्डावर १९ आणि २३ लिहिले, त्याच हाताने त्याच संध्याकाळी दारावर १८ ते २३ चिकटवले. दोन कागद एकमेकांपासून दहा फुटांवर होते. त्यांची भेट झाली नाही.

रविवारी वहिनी मुलाला घेऊन गेल्या, तर शटर. कंपाउंडर काका समोरच राहतात. ते बनियनवर बाहेर आले. "डॉक्टर बाहेरगावी गेलेत, वहिनी. शुक्रवारी या." तारीख सांगितल्यावर म्हणाले, "दोन-चार दिवसांनी काय होतंय?"

ज्या रोगाची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्याबाबत हा प्रश्न. काकांचा दोष नाही. त्यांना कोणी काही सांगून गेलेच नव्हते.

मग "जवळचे रुग्णालय". तिथे लस शिल्लक नव्हती, "बाहेरून आणा" म्हणाले. बाहेर म्हणजे मेडिकल, आणि रविवारी दुपारी मेडिकल बंद. ही लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, ती काही पिशवीत घालून गावभर हिंडवायची वस्तू नव्हे. शेवटी रिक्षा करून महापालिकेचे रुग्णालय. लस होती, फुकट होती, रांगही होती.

तिथल्या डॉक्टरबाईंनी एकच प्रश्न विचारला. "पहिली सुई स्नायूत दिली की कातडीत?"

प्रश्न आगाऊ नव्हता. खासगीत लस बहुधा स्नायूत देतात, एका वेळी एक पूर्ण मात्रा. सरकारी रुग्णालयांत बहुधा कातडीत देतात, दोन्ही दंडांवर ०.१ मिलिलीटर, आणि त्या वेळापत्रकात १४ वा दिवस नसतो. दोन्ही पद्धती चालतात. फक्त मध्येच एकीवरून दुसरीवर जायची वेळ शक्यतो येऊ नये, आणि आलीच तर आधी काय झाले ते कागदावर हवे.

कार्ड कुठे होते? दवाखान्यात, टेबलाच्या खणात. "हरवाल, इथेच राहू दे," असे कंपाउंडर काकांनी प्रेमाने सांगितले होते. कार्ड सुरक्षित होते. शटरच्या आत.

वहिनींच्या पर्समध्ये मेडिकलचे बिल निघाले. त्यावर लशीचे नाव, बॅच आणि तारीख. सुई कुठे दिली ते मुलाने दंड पुढे करून दाखवले. बाईंनी नवे कार्ड केले, पुढचे सगळे डोस इथेच घ्या म्हणाल्या. थोडा उशीर झाला तर मालिका पुन्हा पहिल्यापासून करावी लागत नाही, राहिलेला डोस लगेच घेऊन पुढे जायचे, हेही सांगितले. म्हणजे दारावरच्या कागदाने जे करायचे, ते पर्समधल्या बिलाने केले.

आता म्हणाल, नियम काय म्हणतो? भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता आहे. रुग्णाची जबाबदारी एकदा घेतली की त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये, त्याला आणि घरच्यांना पुरेशी सूचना दिल्याशिवाय अंग काढून घेऊ नये, असे ती सांगते. आपल्या गैरहजेरीत दुसऱ्या डॉक्टराने रुग्ण पाहावेत अशी सोयही तिला ठाऊक आहे. त्या बदलीच्या डॉक्टराने आपली नेहमीची कामे सांभाळून हे ओझे पेलत असेल तरच हो म्हणावे, आणि मूळ डॉक्टर परतले की रुग्ण त्यांच्याकडे परत पाठवावेत.

बदली डॉक्टर. बदली कंपाउंडर नव्हे.

गंमत पुढे आहे. हीच संहिता डॉक्टरांना जाहिरात करू देत नाही. पण काही गोष्टी वर्तमानपत्रात जाहीर करायला मुभा देते. दवाखाना सुरू करणे, पत्ता बदलणे आणि हो, तात्पुरती गैरहजेरी. कायद्याने ज्या मोजक्या जाहिराती डॉक्टरांना करू दिल्या, त्यांतली ही एक. आणि नेमकी तीच काचेच्या आतून लागते.

बरे, कागद लागतो कधी? फार तर दोन दिवस आधी. महिन्यातून एकदा बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहून घ्यायला येणारा माणूस ते दार महिन्यातून एकदाच पाहतो. कागद त्याला दिसायचा तर महिनाभर आधी लागायला हवा. नाहीतर त्याच्या गोळ्या २० तारखेला संपतात, मेडिकलवाला "नवी चिठ्ठी आणा" म्हणतो, आणि माणूस "चार दिवस नाही घेतल्या तर काय होतंय" या कंपाउंडरी निष्कर्षाला स्वतःहून पोचतो.

मी डॉक्टर नाही. पण कागद लिहायला डॉक्टर कशाला लागतो? हा घ्या, बाहेरून चिकटवा, मोठ्या अक्षरांत आणि मराठीत:

"शनिवार १८ ते गुरुवार २३ ऑक्टोबर २०२५, दोन्ही दिवस धरून, दवाखाना बंद. शुक्रवार २४ ला सकाळी १० वाजता उघडेल. या दिवसांत आपले रुग्ण अमुक डॉक्टर पाहतील. त्यांचा पत्ता, वेळ आणि फोन खाली आहे. ते दुपारी १ ते ५ नसतात. छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, फिट येणे, रक्त न थांबणे यासाठी कोणालाही न विचारता १०८ ला फोन करा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर वाट पाहू नका. कुत्र्याच्या लशीचा डोस या दिवसांत असेल तर कार्ड आजच घरी न्या, डोस महापालिकेच्या रुग्णालयात मिळेल. गोळ्या संपत आल्या असतील तर १७ च्या आत चिठ्ठी घ्या."

पणतीलाही जागा उरते.

"ते दुपारी १ ते ५ नसतात" हे वाक्य फालतू वाटते ना? तेच सर्वांत महत्त्वाचे. बदली डॉक्टरांचे नाव लिहिणारे दवाखानेही मी पाहिलेत. एका कागदावरच्या नंबरवर मी स्वतः फोन लावला होता. पलीकडचे डॉक्टर म्हणाले, "मी? मी तर कोकणात आहे. मीच माझ्या कागदावर त्यांचं नाव टाकलंय."

दोघांनी एकमेकांचे रुग्ण एकमेकांकडे सोपवले होते आणि दोघेही समुद्रावर होते. कदाचित एकाच.

कागद लावण्याआधी त्यावरचा नंबर एकदा फिरवून पाहावा, हे शास्त्र कुठल्या अभ्यासक्रमात नसावे.

शुक्रवारी दवाखाना उघडला. वहिनींनी झाला प्रकार सांगितला. डॉक्टर मनापासून हळहळले. "अहो, मला फोन करायचा ना!" म्हणाले. नंबर कुठे होता, ते वहिनींनी विचारले नाही. दिवाळीचे दिवस.

कार्ड खणातून काढून दिले. आता त्याचा उपयोग नव्हता.

पुढच्या महिन्यात, याच तारखांच्या दिवसांत, एका संध्याकाळी मी भाजी घेऊन येत होतो. दवाखान्याच्या पायरीवर एक बाई कडेवर मूल घेऊन उभ्या होत्या. शटर वर होते, आत दिवा होता, काचेवर कागद होता. "दि. १८ ते २३ बंद राहील." कोणता महिना, कोणते साल, काही नाही. बाईंनी दोनदा वाचले, मुलाचे कपाळ हाताने पाहिले आणि जवळच्या रुग्णालयाकडे निघाल्या. मी हाक मारून थांबवले. आत डॉक्टर रिकामे बसले होते.