अधिवासी बाप

आमच्या गावात कुणालाही कसलाही फॉर्म भरायचा असला की माणसं माझ्याकडं येतात. पीकविमा असो, शिष्यवृत्ती असो, मी चष्मा कपाळावर चढवतो आणि "कागद दाखवा" असं साहेबी आवाजात म्हणतो. फुकटचा मान आहे, आणि तो मला आवडतो. त्यामुळं आपल्याच लेकीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात आपल्यालाच कुणी "कागद दाखवा" म्हणेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

गाव उमरगा तालुक्यातलं, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून. सासुरवाडी बसवकल्याणची. लेक लहानपणापासून आजोळीच राहिली, दहावीही तिथंच झाली आणि अकरावीला उमरग्यात आली. सीईटीत मार्क बरे पडले. कॅपच्या फॉर्ममध्ये उमेदवाराचा प्रकार विचारला होता, ए, बी, सी असा. मी 'ए'वर टिचकी मारली. आपण काय बी दर्जाची माणसं आहोत का?

मग फॉर्मनं अधिवास प्रमाणपत्र मागितलं. मी ग्रामपंचायतीच्या लेटरपॅडवरचा रहिवासी दाखला पुढं केला. गावात राहतो हे गावानंच लिहून दिलंय, आणखी काय पाहिजे? सेतू केंद्रातल्या पोरानं तो न वाचताच परत दिला. "काका, हा पत्त्यापुरता. प्रवेशाला तहसीलचा डोमिसाईल लागतो. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास, तिन्ही एका कागदावर. मुदत पंधरा दिवस."

फॉर्मची मुदत आठवड्यावर आली होती.

अशा वेळी आपल्याकडं एक माणूस हमखास भेटतो. हा चहाच्या टपरीवर भेटला. "पंधरा दिवस कशाला ओ? परवा हातात देतो. पंधराशे पडतील." तो कागद कुठून आणणार, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि मग मला नाही म्हणावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी दाखला आला. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, त्यावर निळ्या शाईची लफ्फेदार सही. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी मिरवला. बायको म्हणाली, "लई लवकर झालं की." मी म्हणालो, "ओळख लागते."

कागद तपासून घ्यायला सुविधा केंद्रावर गेलो. टेबलामागं एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी दाखला हातात घेतला, एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं आणि विचारलं, "तुमचा जिल्हा कोणता?"

"धाराशिव."

"यावर उस्मानाबाद आहे."

मी हसून म्हणालो, "एकच की हो ते." मॅडम हसल्या नाहीत. जिल्ह्याचं आणि तालुक्याचं नाव बदलल्याची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मधली. त्याआधीच्या खऱ्या दाखल्यावर उस्मानाबादच असतं आणि त्यात काही वावगं नाही. माझ्या दाखल्यावरची तारीख मात्र जून २०२५ ची होती. कुणाचा तरी जुना दाखला स्कॅन करून त्यात नाव आणि तारीख तेवढी बदलली होती. जिल्हा बदलायचं त्या कलाकाराच्या ध्यानातच आलं नाही.

ही तर सुरुवात होती. ज्या शिक्क्यावर मी खूश होतो, तोच दुसरा पुरावा निघाला. आपले सरकारवरून निघणाऱ्या दाखल्यावर अधिकाऱ्याची डिजिटल सही असते. तिथं शाईच्या सहीचं आणि गोल शिक्क्याचं कामच नसतं. मग मॅडमनी दाखल्यावरचा क्रमांक aaplesarkar.mahaonline.gov.in वर पडताळणीच्या रकान्यात टाकला. नोंद नाही. शेवटी मोबाईलनं क्यूआर कोड स्कॅन केला, तर कुठल्याशा दुकानाला पैसे पाठवायचं पान उघडलं. मागं रांगेत उभ्या पोरांनी ते पाहिलं. जन्मभर कमावलेला साहेबी आवाज तिथंच बसला.

"अपलोड केलंय का हे?" मॅडमनी हळूच विचारलं.

"नाही, आधी दाखवायला आणलं."

"मग वाचलात. आणि तुमच्यापेक्षा मुलगी वाचली. फॉर्मखाली 'दिलेली माहिती खरी आहे' म्हणून सही तिची असते." बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० खाली गुन्हा आहे, आणि खोटं उघडकीला आलं तर मिळालेला प्रवेशही जातो. पैसे मी दिले होते, नाव तिचं छापलं होतं. हा हिशेब टपरीवर माझ्या डोक्यात आला नव्हता.

आता खरी गंमत ऐका. तो दाखला अस्सल असता, तरी 'ए'चा काही उपयोग नव्हता. 'ए'मध्ये बसायला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, वर जन्म किंवा अधिवास इथला लागतो. लेकीची दहावी कर्नाटकातली. 'बी' हा दर्जा नव्हताच. जे 'ए'त बसत नाहीत, पण जे स्वतः किंवा ज्यांच्या आई-बापापैकी कुणी एक महाराष्ट्राचे अधिवासी आहेत, त्यांच्यासाठी तो आहे. लेकीचा स्वतःचा दाखला निघणं अवघड होतं, कारण अधिवासाला राज्यातल्या सलग बऱ्याच वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि तिची ती वर्षं बसवकल्याणला गेलेली. "डोमिसाईल तुमचा काढा," मॅडम म्हणाल्या. थोडक्यात, पंधराशे रुपये मोजून मी खोटा कागद घेतला होता, आणि तोही चुकीच्या माणसाचा.

मुकाट्यानं सेतूत गेलो. ओळखीला आधार, पत्त्याला रेशनकार्ड आणि लाईट बिल, फोटो आणि स्वयंघोषणापत्र, एवढं सोपं होतं. इतक्या वर्षांच्या वास्तव्यासाठी ट्रंकेतून जुन्या घरपट्टीच्या पावत्या काढल्या आणि सातबारा जोडला. तलाठ्याकडून, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, वास्तव्याचा दाखला घेतला. अडलं ते वयाच्या पुराव्यावर. माझा टीसी कधीच हरवलेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेश-निर्गम उतारा मागितला. गुरुजींनी कपाटातून कडा कुरतडलेलं रजिस्टर काढलं. माझ्या पानावर आठ पोरं होती आणि त्यातल्या सहांची जन्मतारीख १ जून. माझीही तीच. पण नाव होतं 'दत्तू', आणि आधारवर 'दत्तात्रय'.

दुसऱ्यांचे फॉर्म भरताना "नावात एका अक्षराचा फरक चालत नाही" हे मीच सांगत आलोय. सेतूतल्या पोरानं तेच वाक्य मला ऐकवलं. मग दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून जोडलं, तेव्हा अर्ज पुढं सरकला. पावतीवर अर्ज क्रमांक आणि मुदतीची तारीख होती. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. मुदतीत दाखला आला नाही किंवा अर्ज नाकारला, तर त्याच कायद्याखाली अपील करता येतं. माझ्यावर ती वेळ आली नाही. नशीब असं, की फॉर्मची मुदतही मध्येच वाढली. मुदत वाढेल या भरवशावर मात्र कुणी राहू नये.

दाखला मोबाईलवरच आला. शिक्का नाही, शाई नाही, दिसायला अगदीच गरीब. मॅडमनी क्रमांक टाकला आणि पडद्यावर माझं नाव आलं, दत्तात्रय. 'ए' खोडून 'बी' केलं आणि अर्ज पक्का झाला. टपरीवरचा माणूस त्यानंतर दिसला नाही, पंधराशेही नाहीत.

लोक अजून माझ्याकडं येतात. ज्यांची पोरं हद्दीपलीकडं शिकतात, त्यांना मी आता एकच सांगतो. पोरगं दहावीला बसलं की त्याच उन्हाळ्यात आई-बापापैकी एकाचा अधिवास काढून ठेवा, आणि त्याच्याही आधी, शाळेला सुट्टी लागण्यापूर्वी, स्वतःचा निर्गम उतारा आणा. त्यावरचं नाव आधारशी जुळतं का, ते तिथंच उभं राहून वाचा.