पत्रिका सचिवांची, खुर्च्या कुणाच्या?

“अगं, तुमच्या नळाला पाणी आहे का?” असं विचारत पलीकडच्या काकू कुंपणाच्या भिंतीला टेकल्या, की पाणी हा नुसता बहाणा असतो. काकूंचे यजमान आमच्या पंचवटीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव. १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाला, आरोग्यावर व्याख्यान ठेवलंय. आमच्या सासूबाई संघाच्या सभासद, म्हणून पत्रिकेचा कच्चा कागद आधी माझ्या हातात आला.

पहिल्या सहा ओळी मान्यवरांच्या. विषय सातवीत: ‘तोल जाणे व पडणे’. खाली ‘सायंकाळी ठीक ४ वाजता’.

“काकू, वार कुठाय?”

“मी म्हटलं त्यांना. म्हणतात, तारीख दिली की!”

“पेन्शनीतल्या माणसाला तारीख कोण विचारतं? घर वारांवर चालतं. गुरुवार लिहा म्हणावं. आणि यंदा २७ सप्टेंबरपासून पितृपक्ष लागतोय, १० ऑक्टोबरला सर्वपित्री. कुणा ना कुणाकडे त्या दिवशी तिथी असणारच. दोनला खीर-वड्यांचं जेवण आणि चारला पंख्याखाली व्याख्यान! डॉक्टर उभे राहायच्या आत निम्मा संघ घोरायला लागेल.”

“आणि रामकुंडाकडे श्राद्धाची गर्दी ती वेगळीच. रिक्षावाला मालेगाव स्टँडवरच उतरवतो, मग तो उतार पायी!” काकूंना आता रंग चढला. “मग पाच करू?”

“पाच नको, अंधार होतो. पडण्यावरचं व्याख्यान ऐकून येताना खड्ड्यात पाय गेला तर संघाचं नाव निघेल. साडेचारला सुरू, सहाला चहा, दिवेलागणीच्या आत घरी.”

काकूंनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. खरी बातमी नेहमी याच आवाजात येते. “डॉक्टर म्हणे नुसतं बोलणार नाहीत. दोघा-तिघांना पाच मिनिटं आडवं करून बीपी बघणार. मग उभं करून एका मिनिटानं, परत तीन मिनिटांनी. वरचा आकडा वीसनं किंवा खालचा दहानं उतरला, तर उठल्यावर गरगरतं ते त्यापायी असू शकतं. कधी कधी बीपीच्याच गोळीनं होतं म्हणे. पण म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, हेही सांगणार आहेत.”

“मग आडवं करायचं कुठे, टेबलावर? एक कॉट लागेल. आणि आपापल्या गोळ्यांची पाकिटं आणा, ही ओळ पत्रिकेत हवी. आमच्या सासूबाई विचारलं की सांगतात, एक पांढरी, एक छोटी पिवळी. डॉक्टरांनी काय ओळखायचं?”

बसण्याबद्दल कागदावर एवढंच होतं: ‘आसनव्यवस्था मर्यादित’. हे वाचून कोण घाबरतं? ऐनवेळी येणारे ऐनवेळीच येतात. साठ खुर्च्या आहेत. दहाच्या सहा ओळी, मधून वाट सोडली की प्रत्येक बाजूला पाच. लघवीची गोळी घेणारा आत भिंतीकडे अडकला, तर त्याला चार जणांचे गुडघे ओलांडून बाहेर यावं लागतं. ही मंडळी लाजेनं सांगत नाहीत, व्याख्यानालाच येत नाहीत. वाटेकडच्या खुर्च्या त्यांना, आणि काठी-वॉकरवाल्यांना. वाट चांगली तीन फूट हवी. कमी ऐकू येणारे पहिल्या ओळीत, पण कर्ण्याच्या तोंडाशी नको. सासूबाईंना मागच्या वेळी तिथंच बसवलं होतं. कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं, त्यांनी ते काढून पर्समध्ये टाकलं आणि सगळ्या व्याख्यानाला हसतमुखानं माना डोलावल्या.

काकूंनी कानामागची पेन्सिल काढली (ही बाई तयारीनिशीच आली होती) आणि कागदाच्या पाठीवर आम्ही दोघींनी मिळून लिहिलं:

‘सप्रेम नमस्कार. गुरुवार, १ ऑक्टोबर २०२६ रोजी दुपारी ४.३० वाजता संघाच्या तळमजल्यावरील सभागृहात “तोल जाणे व पडणे” या विषयावर डॉक्टरांचे व्याख्यान आहे. प्रश्नोत्तरे ५.१५ ला, चहा ६ वाजता. चालू गोळ्यांची पाकिटे व चष्मा सोबत आणावा. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी पहिली ओळ, काठी वा वॉकर वापरणाऱ्यांसाठी आणि मध्येच उठावे लागणाऱ्यांसाठी वाटेलगतच्या खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. सोबत एक माणूस आणण्यास हरकत नाही. आपला, सचिव.’

“मान्यवर कुठे गेले?” काकूंनी विचारलं.

“गेले चहाला. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाच सत्कार यात पाऊण तास जातो, मग डॉक्टरांना सांगायचं, ‘थोडक्यात आटपा’!”

काकू हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. “एक राहिलं गं. हातांच्या खुर्च्या आठच आहेत. गुडघे गेलेल्यांना रेटा देऊन उठायला त्याच हव्यात. पण त्यातल्या पाच दरवेळी व्यासपीठावर जातात.”

“मग यंदा खाली ठेवा.”

“सांगणं सोपंय. अध्यक्षांची खुर्ची खाली आणली, तर पुढच्या निवडणुकीत ते यांची काढतील!”