भाच्याची वकिली

मी गणितात एम.एस्सी. केलंय हे चिखलीत बहिणीकडे गेल्यावर कुणाला विचारावं लागत नाही. मीच सांगत सुटतो. त्या खेपेला भाच्यानं चाचणीचा पेपर पुढं केला. त्यानं लिहिलं होतं (a+b)² = a²+b², आणि त्यावर लाल फुली.

"मामा, मॅडमनं दोन्ही मार्क कापले."

"कापतील कशा? कॅरेक्टरिस्टिक 2 मध्ये हे बरोबर आहे!"

"दादा, राहू दे," बहीण म्हणाली. राहू देणं माझ्या स्वभावात नाही. भाच्याला घेऊन मी शाळेत गेलो. मॅडमनी शांतपणे खडू माझ्या हातात दिला.

मी सुरू झालो. "जिथं 1+1 = 0 धरतात, तिथं 2ab आपोआप शून्य होतं. दोनच कशाला, कुठलीही मूळ संख्या p घ्या आणि p वेळा 1 मिळवला की शून्य, असं धरा. (a+b)^p उलगडलं की मधल्या पदांचा सहगुणक p!/(k!(p−k)!) येतो. वर p आहे, खाली सगळे p पेक्षा लहान अवयव. p मूळ असल्यानं तो काही कटत नाही. सातसाठी बघा: 7, 21, 35, 35, 21, 7. सगळ्यांना सातनं भाग जातो, सगळे गायब! चार घेतले असते तर मध्ये 6 आला असता, त्याला चारनं भाग जात नाही. म्हणजे बेरजेचा p-वा घात हा घातांची बेरीज, आणि गुणाकाराचं तर विचारायलाच नको. या होमोमॉर्फिझमला जर्मन गणिती फ्रोबेनियस (1849–1917) याचं नाव आहे."

"एवढं सगळं गायब होतं, तर दोन वेगळ्या संख्यांचा घात एकच नाही का निघणार? 3 आणि −3 चा वर्ग आपल्याकडेही एकच येतो," मॅडम म्हणाल्या.

मला हाच प्रश्न हवा होता. "x^p = y^p असेल, तर x^p − y^p = 0. पण डावी बाजू म्हणजेच (x−y)^p. फील्डमध्ये शून्य नसलेल्या संख्यांचा गुणाकार शून्य होत नाही, म्हणून x = y. आणि p = 2 असेल तर −1 आणि 1 एकच; तुमचे 3 आणि −3 तिथं वेगळे राहतच नाहीत."

"आणि फील्ड नसेल तर?"

खडू जरा जड झाला. शून्य नसलेला, पण e² = 0 होणारा e ज्यात आहे, अशी रिंग बनवता येते. तिथं e चा वर्ग शून्य आणि शून्याचाही शून्य; दोघे एकाच जागी जाऊन पडतात. हे मी बारीक अक्षरात लिहिलं.

"बरं, पेपरातले a, b कुठले होते?"

"वास्तव संख्या," भाचा म्हणाला. घरभेदी!

"तरी तुमचंच खरं मानू," मॅडम हसल्या. "प्रश्न दोन मार्कांचा. तुमच्या पद्धतीत दोन म्हणजे किती?"

"शून्य," मी म्हणालो.

"मग मी पूर्ण मार्क दिलेत की!"