तूच लिही, मी सही करतो

पत्र इंग्रजीत आहे. कंपनीच्या जाड लेटरहेडवर आहे. खाली साहेबांची झोकदार सही आणि गोल शिक्का आहे. आणि तिसऱ्या ओळीपासून आमच्या वाडीतला सहा फुटी, दाढीवाला पोरगा बाई झालेला आहे. पहिल्या दोन ओळींत तो 'ही' आहे. मग एकदम 'शी इज हार्डवर्किंग', पुढे 'शी इज सिन्सियर', आणि शेवटी कंपनी 'हर' उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा देते. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये या पोराचं काय झालं, हे साहेबांनाच ठाऊक. चुकलो, त्यांनाही ठाऊक नाही, कारण त्यांनी हे पत्र वाचलेलं नाही. लिहिलेलंही नाही. त्यांनी फक्त सही केली आहे, आणि सही मात्र अगदी मन लावून केली आहे.

पोरगा फोर्टातल्या एका क्लिअरिंग एजंटकडे साडेचार वर्षं होता. राजीनामा दिला, तीन महिने नोटिशीचे काढले, आणि जाताना भीत भीत शिफारसपत्र मागितलं. साहेब प्रेमाने म्हणाले, "अरे, का नाही? तूच ड्राफ्ट करून पाठव, मी सही करतो." आता गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या मुलाला स्वतःची तारीफ करता येते का? आमच्याकडे पोराला पहिला नंबर मिळाला तरी आई शेजारी सांगते, "ठीक आहे, पेपर सोपे होते." त्याने रात्री दोन तास घालवले, 'मी फार हुशार आहे' हे वाक्य त्याच्या हातून उमटेना, म्हणून त्याने गेल्या वर्षी सोडून गेलेल्या एका सहकारी मुलीचं पत्र मागवलं, नाव बदललं आणि पहिल्या दोन ओळी सुधारल्या. तिने ते तिच्या आधीच्या कुणाचं तरी घेतलं होतं. त्यानेही कुणाचं तरी घेतलं असणार. म्हणजे कधीकाळी, टाइपरायटरच्या काळात, कोणीतरी एक इसम खरोखरच हार्डवर्किंग आणि सिन्सियर असला पाहिजे. तो रिटायर होऊन गेला. त्याचे गुण तेवढे अजून हपिसात आहेत, आणि जो जाईल त्याच्या हातात वाटखर्चीसारखे ठेवले जातात. कामचुकारालाही तेच, जीव ओतणाऱ्यालाही तेच.

खाडिलकर रोडवर लग्नपत्रिकांची दुकानं आहेत. तिथेही मजकूर तयारच असतो, गणपतीसकट. तुम्ही फक्त नावं द्यायची. पण तिथला कारागीर तुम्हाला प्रूफ दाखवल्याशिवाय मशीन चालू करत नाही. मामा चष्मा लावून वाचतात, आत्या वाचते, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून आहेराच्या सूचनेपर्यंत बोट फिरतं. 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' यांची अदलाबदल झालेली पत्रिका गिरगावात आजवर छापून बाहेर पडलेली मी पाहिली नाही. पाच रुपयांच्या कार्डाला एवढी काळजी. साडेचार वर्षांच्या नोकरीला मात्र वधू आणि वर यांत फरक करायची गरज वाटली नाही.

बरं, या हपिसाला तपासणीची ॲलर्जी आहे असंही नाही. पोराच्या शेवटच्या दिवशी 'नो ड्यूज'चा फॉर्म पाच टेबलांवर फिरला. लॅपटॉप मिळाला, सही. आयकार्ड मिळालं, सही. चार्जर मिळाला, पण पिन वेगळी दिसते, म्हणून आयटीवाल्याने पंधरा मिनिटं तो उलटसुलट करून पाहिला आणि मगच सही केली. चार्जरला पंधरा मिनिटं! मग केक कापला, साहेबांनी 'आमचा हिरा चालला' असं भाषण केलं, फोटो ग्रुपवर टाकले. हिरा काय काम करत होता, हे भाषणातही आलं नाही. ऑपेरा हाऊसच्या बाजारातला दलालसुद्धा हिऱ्याचं वजन, रंग आणि आतला डाग सांगितल्याशिवाय पुडी उघडत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण साहेबलोक तिच्याआड लपतात. जाणाऱ्याला तीन वेगळे कागद मिळू शकतात. रिलीव्हिंग लेटर म्हणजे 'अमुक तारखेला सोडलं'. अनुभवाचा दाखला म्हणजे 'अमुक ते तमुक, अमक्या हुद्द्यावर होता'. कारखान्यांसाठीच्या 1946च्या नमुना स्थायी आदेशांत कायम कामगाराला नोकरी संपताना असा सेवेचा दाखला मिळण्याचा हक्कच दिलेला होता. तिसरा कागद शिफारसपत्राचा, आणि त्यात मत असतं. तो मागण्याचा हक्क नाही, म्हणून तो द्यायची सक्तीही नाही. मग द्यायचाच तर मत द्या! मत द्यायचं नसेल तर देऊ नका. मत नसलेलं शिफारसपत्र हा कोणता प्रकार?

'खरं लिहिलं तर उद्या केस व्हायची,' हे पुढचं उत्तर. हे सांगणारा माणूस बहुधा कायद्याचं एक पान न वाचलेला असतो. 1860च्या दंडसंहितेत बदनामीच्या कलमाला दहा अपवाद दिले होते. त्यांतला एक असा की, दुसऱ्याच्या भल्यासाठी सद्भावनेने दिलेला इशारा ही बदनामी नव्हे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि कलम 356 मध्ये हे अपवाद तसेच आले. फक्त सद्भावना म्हणजे हसरा चेहरा नव्हे. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असं कायदा मानत नाही. म्हणजे विचार करून, आठवून, पुराव्यासकट दोष लिहिणाऱ्या साहेबाच्या पाठीशी कायदा उभा आहे, आणि न वाचता सही ठोकणारा साहेब त्या संरक्षणाच्या बाहेर उभा आहे. विलायतेत 1994 साली तिथल्या सर्वोच्च पीठाने, एका विमा विक्रेत्याच्या प्रकरणात, शिफारसपत्र लिहिताना जुन्या नोकराबाबत काळजी घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे, असं ठरवलं. हा निकाल निष्काळजीपणावर होता.

उलट्या टोकाला जर्मनी आहे. तिथे दाखला खराही हवा आणि नोकराचं भलं चिंतणाराही हवा. मग साहेबांनी सांकेतिक भाषा काढली. 'नेहमीच पूर्ण समाधान दिलं' म्हणजे चांगलं. नुसतं 'समाधान दिलं' म्हणजे जेमतेम. आणि 'त्याने प्रयत्न केले' म्हणजे दार उघडं आहे, जा. कायद्याने अशा छुप्या खुणांना मनाई आहे, तरी लोक ओळी चाळत बसतात. पण निदान कोणीतरी बसून विचार करून वाईट लिहितो! आमच्याकडे साहेबी अमलात बटलर आणि खानसामे गोऱ्या मालकांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा जपून ठेवत. त्यांतल्या काहींना इंग्रजी वाचता येत नसे, त्यामुळे 'याच्यावर चांदीचे चमचे सोपवू नका' असं लिहिलेली चिठ्ठीही ते अभिमानाने पुढच्या साहेबाला दाखवत. दुष्टपणा होता, पण त्या चिठ्ठीवरून माणूस कळत असे.

मी पोराला समोर बसवून साडेचार वर्षांत काय केलं ते विचारलं. तो म्हणाला, "काही नाही काका, बिल ऑफ एंट्री भरायचो." मग हळूहळू एकेक बाहेर आलं. त्याच्या साहेबांना ते माझ्याहून जास्त ठाऊक आहे. त्यांनी खुर्ची सरळ करून लिहिलं असतं तर पत्र साधारण असं झालं असतं:

"हा साडेचार वर्षे थेट माझ्या हाताखाली होता. आयातीच्या मालाची बिल ऑफ एंट्री तयार करणे हे त्याचे काम. पहिले वर्षभर त्याची प्रत्येक नोंद मी तपासत असे. नंतर साध्या मालाची तपासणी मी सोडून दिली व त्याचा मला पश्चात्ताप झाला नाही. एकदा यंत्राच्या सुट्या भागांच्या मालात इन्व्हॉइसवरचे वजन व पॅकिंग लिस्टवरचे वजन जुळत नाही, हे त्याने जहाज लागण्याच्या आदल्या दिवशी सकाळी पकडले. बिल त्याच दिवशी भरणे भाग होते. उशिराचा आकार पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये व पुढे रोज 10,000 रुपये असतो, कंटेनरचे भाडे वेगळे. त्याने पार्टीकडून दुरुस्त कागद मागवला व संध्याकाळच्या आत बिल भरले. मला हे दुसऱ्या दिवशी कळले. त्याचा दोष असा की फोनवर ग्राहकाला तो 'बघतो' म्हणतो, 'जमणार नाही' म्हणत नाही. त्यामुळे दोनदा ग्राहकाने जमेल असे धरले व मला निस्तरावे लागले. हे मी त्याला तोंडावर सांगितले आहे; लेखी उत्तरांत हा दोष नाही. दोन नव्या मुलांना त्याने काम शिकवले. मोठी टीम त्याने चालवलेली नाही, म्हणून त्याबद्दल मी मत देत नाही. जागा असल्यास मी त्याला पुन्हा घेईन. अधिक विचारायचे असल्यास मला फोन करावा."

झालं. कौतुकाचं एकही विशेषण नाही. यात एक गोष्ट मुद्दाम घातली आहे. दोष तोंडावर सांगितलेला आहे. जो दोष साडेचार वर्षांत माणसाला कधी सांगितला नाही, तो पत्रात पहिल्यांदा काढणं हा भेकडपणा आहे. आणि एक गोष्ट मुद्दाम घातलेली नाही. मधल्या वर्षी त्याच्या आईचं ऑपरेशन झालं, त्याने दीड महिना रजा काढली. ती गोष्ट पत्रात येत नाही, 'अडचणीतही खंबीर' अशी गोड करूनही नाही. तो त्याच्या घरचा मामला आहे.

नवी कंपनी अर्थातच पत्र वाचत बसत नाही. ती जुन्या हपिसात फोन लावते आणि तारखा, हुद्दा, सोडण्याचं कारण विचारते, आणि शेवटी 'परत घ्याल का?' असं विचारते. या शेवटच्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यायचं असतं, आणि ते एचआरमधली कोणीतरी व्यक्ती देते, जिने त्या पोराला बहुधा फक्त केक कापताना पाहिलेलं असतं. म्हणूनच कारणासकट उत्तर देणारं पत्र ज्याच्या हातात असेल, त्याला निदान मुलाखतीत ते टेबलावर ठेवता येतं. त्यावर पुढचा माणूस एक तरी नेमका प्रश्न विचारतो. 'हार्डवर्किंग'वर कोणी काय विचारणार?

तेव्हा साहेब, तुमच्याकडे कोणी पत्र मागायला आला, तर ड्राफ्ट त्याच्यावर ढकलू नका. फार तर त्याने केलेल्या कामांची यादी त्याच्याकडून मागा, मत स्वतः लिहा. आणि लिहिण्यासारखं चांगलं काही आठवतच नसेल, तर 'मला जमणार नाही' असं त्याला त्याच दिवशी सांगा, म्हणजे नोटिशीचे दिवस संपायच्या आत तो दुसऱ्या वरिष्ठाकडे जाऊ शकेल.