शिळ्या भाताची बाजू

भंडारा हा धानपट्ट्यातला जिल्हा. तिथे भात उरणारच, असा सरळ हिशेब लोक मांडतात. माझा दावा वेगळा आहे: तिथे भात उरत नाही, उरवला जातो. रात्री पातेल्यात दोन मुठी तांदूळ जास्त पडतात ते पाहुण्यांच्या आशेने नव्हे, तर सकाळच्या फोडणीवर डोळा ठेवून. फोडणीच्या भाताला काटकसरीचा पदार्थ म्हणणाऱ्यांनी एकदा ताज्या, वाफाळत्या भाताला फोडणी देऊन पाहावी. पहिल्या उलथण्यातच शितं एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि कढईत पिवळा चिखल होतो. चिन्नोरसारखा सुवासिक, मऊ भात तर या बाबतीत फारच प्रेमळ. रात्रभर गार झालेल्या भातातला स्टार्च मात्र घट्ट होतो, शितावरचा ओलावा कमी होतो आणि प्रत्येक शीत आपापल्या पायावर उभं राहतं. म्हणजे शिळेपण हा इथे दोष नाही, साहित्यातला जिन्नस आहे.

अर्थात, घट्ट शीत तसंच खाल्लं तर दाताखाली खडा आल्यासारखं वाटतं. म्हणून दोन वाट्या भात आधी ओल्या बोटांनी मोकळा करावा आणि मीठ-तिखट त्यालाच चोळावं. मग दोन चमचे तेलात मोहरी तडतडू द्यावी, जिरं, मिरची, कढीपत्ता आणि एक मोठा कांदा घालावा. कांदा पारदर्शक झाला की थांबावं. लाल केला तर त्याचा ओलावा उडतो, आणि तोच तर भाताला हवा असतो. हळद घालून भात परतावा, पाण्याचा हबका मारावा आणि झाकण ठेवून दोन मिनिटं दणदणीत वाफ काढावी. उष्णतेने घट्ट स्टार्च पुन्हा मऊ होतो, पण शितं सुटीच राहतात. वरून सांभार. कोथिंबीर म्हणालात तरी चालेल, पण भंडाऱ्यात लोक तुम्हाला पाहुणे समजतील.

यावर डॉक्टरी आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. भातात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात उबेत राहिला की ते वाढतात आणि त्यांतल्या काहींचं विष फोडणीच्या तेलालाही दाद देत नाही. म्हणून मे महिन्यात पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवणं ही परंपरा नव्हे, धाडस आहे. जेवण आटोपताच भात पसरट ताटात निववून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा. बुळबुळीत झाला किंवा आंबूस वास आला तर टाकावाच. मात्र वास नाही म्हणजे भात निर्दोष, असंही नाही.

पोळीवाले म्हणतील, मग आमचा कुस्करा काय वाईट? मुळीच नाही. फक्त पोळी आधीच कोरडी, म्हणून कांदा दुप्पट घ्या. पण धानपट्ट्यात निकाल भाताच्याच बाजूने लागणार. तेव्हा आज रात्री तांदूळ धुताना दोन मुठी जास्त घ्या, आणि विचारलं तर अंदाज चुकला म्हणून सांगा.