गुंठेमास्तर

जालन्यात अंबड चौफुलीजवळच्या हॉटेलात बसून "एक गुंठा घेतोय" एवढं म्हणून बघा. शेजारच्या टेबलावरून प्रश्न आलाच म्हणून समजा, "गुंठा का आर?" हे गुंठेमास्तर. यांनी शाळेत कुणाला शिकवलेलं नाही, पण चौफुलीवरून कुणी न शिकता गेलेला नाही.

"गुंठा ३३ बाय ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावरचा आर १०० चौरस मीटर, म्हणजे १०७६. एकामागं तेरा फूट गेले! एकराचे चाळीस गुंठे धरा, पाचशे फुटांवर पाणी."

ऐकणारा चहा थंड करतो. मास्तरांचा मात्र तोवर गरम झालेला असतो, आवाज.

परवा एकानं कच्चा नकाशा आणला. समोरची नि मागची बाजू ३० फूट, लांबीच्या दोन्ही ५०. दलालानं खाली टेचात लिहिलं होतं : १५०० चौ. फूट.

"कर्ण किती?" मास्तरांनी विचारलं.

"कोण कर्ण?" दलाल.

मास्तरांनी तिथल्या तिथं त्याला टेप धरायला लावून प्लॉटवर नेलं. कोपऱ्यातून कोपरा पन्नास फूट भरला. काटकोन असता तर अठ्ठावन्न भरला असता. म्हणजे प्लॉट तिरका. मास्तरांनी सिगारेटच्या पाकिटावर दोन त्रिकोण काढले : पाया ३०, उंची ४७.७, एकेक साडेसातशेला पस्तीस कमी. दोन्ही मिळून १४३१ चौ. फूट. "१०.७६४ नं भागा, १३३ चौ. मीटर. १०८९ नं भागा, सव्वा गुंठ्याच्या जरा वर. एकोणसत्तर फूट हवेत विकताय काय?"

दलालानं विषय बदलला, "पण बांधकाम तर ऐसपैस बसतंय, मास्तर!"

ही चूक त्याला महागात पडली. मंजूर नकाशात समोर तीन मीटर, मागे आणि एका बाजूला दीड-दीड मीटर सोडायचं होतं, म्हणजे ढोबळ दहा, पाच, पाच फूट. दलालानं तिसांतून पाच, पन्नासांतून पंधरा वजा करून पंचवीस गुणिले पस्तीस, ८७५ काढले. मास्तर म्हणाले, "अंतर हद्दीशी काटकोनात मोजतात, तिरक्या बाजूवरून नाही." खोली ४७.७ मधून पंधरा गेले, ३२.७. रुंदी तिरकी तीस, पण काटकोनात २८.६, तिच्यातून पाच गेले, २३.६. तिरपेपणाचा हिशेब धरून तळमजल्याला ८१० चौ. फूट उरले. "त्यातही खोल्या तिरक्या. पलंग भिंतीला लागायचा नाही. आणि वर किती मजले, ते एफएसआय ठरवेल; पलंग नाही."

गिऱ्हाईक भाव पाडून घेऊन गेलं. मास्तरांनी फक्त चहा घेतला, तोही अर्धाच, "पूर्ण कप किती मिलीचा, ते आधी सांगा."

तेव्हापासून चौफुलीवरचे दलाल एवढंच पाहतात की मास्तर आषाढीला पंढरपूरला कधी निघतात. त्या आठवड्यात जालन्यातले सगळे तिरके प्लॉट सरळ होतात.